ट्रॅक्टरच्या सर्व्हिस चार्टचा फोटो वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या गॅरेजच्या व्हॉट्सअॅपवर सर्व्हिस चार्टचे फोटो येऊ लागतात. कुणी पुस्तिकेच्या पानाचा काढतो, कुणी मडगार्डवरच्या स्टिकरचा. फोटोखाली प्रश्न एकच असतो, "भाऊ, यातलं मले काय लागू होते?" पाच-दहा एकरवाल्यांकडून सर्वांत जास्त वेळा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या मॉडेलचा चार्ट वेगळं सांगत असेल तर तुमचाच चार्ट खरा.

१. चार्टचा फोटो कसा काढावा, म्हणजे वाचता येईल?

फ्लॅश बंद ठेवा आणि पान सावलीत सपाट धरा. चकचकीत कागदावर फ्लॅश पडला की मधली दोन-तीन खणं पांढरी होतात. पूर्ण पानाचा एक फोटो काढा आणि तळाच्या बारीक अक्षरांचा दुसरा जवळून काढा. ही बारीक अक्षरं बहुतेक जण सोडून देतात, आणि चार्टमधल्या अर्ध्या अटी तिथेच असतात (प्रश्न ५). व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून टाकलात तर अक्षरं फुटत नाहीत.

कडेचे आकडे बोटाखाली किंवा घडीत लपलेले नाहीत ना, हेही बघून घ्या. ५०० मधलं शेवटचं शून्य घडीत गेलं म्हणून एका शेतकऱ्याने डिझेल फिल्टर दर ५० तासांनी बदलायला घेतला होता. तिसरा फोटो मॉडेलच्या नावाचा असू द्या, कारण एकाच पुस्तिकेत दोन-तीन मॉडेलांचे रकाने शेजारी छापलेले असतात.

२. ५०, २५०, ५०० हे दिवस आहेत का तास?

तास. तेही घड्याळाचे नाहीत, डॅशबोर्डवरच्या तास-मीटरचे. मीटरचा शेवटचा आकडा बहुतेक वेगळ्या रंगात असतो, तो तासाचा दहावा भाग. म्हणजे ०७४२ आणि शेवटी रंगीत ६ दिसत असेल तर ट्रॅक्टर ७४२ तास ३६ मिनिटं चालला. ते ७४२६ तास नव्हेत. ही चूक सेकंडहँड ट्रॅक्टर घेताना महागात पडते.

जुन्या ट्रॅक्टरांचं मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतं. इंजिन ठरलेल्या वेगाने फिरत असेल तेव्हाच त्याचा एक तास घड्याळाच्या एका तासाइतका असतो, नुसतं हळू चालू ठेवलं तर मीटर कमी पुढे जातं. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये इंजिन चालू असलेला वेळच मोजला जातो. चार्टसाठी दोन्ही चालतात.

३. खणांमध्ये इंग्रजी अक्षरं आणि टिंबं आहेत, त्यांचा अर्थ काय?

प्रत्येक चार्टच्या वर किंवा खाली खुणांची यादी असते, ती आधी शोधा. बहुतेक ठिकाणी 'सी' म्हणजे तपासा, 'आर' म्हणजे बदला, 'ए' म्हणजे सेटिंग करा, 'एल' म्हणजे ग्रीस किंवा ऑइल द्या आणि 'टी' म्हणजे नट-बोल्ट कसा. टिंबांचा चार्ट असेल तर भरीव आणि पोकळ टिंबांचा अर्थ वेगवेगळा असतो. पोकळ टिंब बऱ्याचदा 'फक्त पहिल्या वेळी' असं सांगतं, पण हे अंदाजाने ठरवू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'तपासा' आणि 'बदला' यांच्यात. गिअरबॉक्सच्या ऑइलपुढे २५० च्या खणात 'सी' आणि १००० च्या खणात 'आर' असेल, तर २५० ला फक्त कांडी काढून पातळी बघायची. तेव्हा ऑइल बदलायला सांगणारा मिस्त्री तुमचे पैसे वाया घालवतो. पण १००० ला नुसतं वरून भरून देणारा त्याहून जास्त नुकसान करतो.

४. ५०० तास झाले तर फक्त ५०० च्या रकान्यातली कामं करायची का?

नाही. ५०० ला २५० चीही कामं येतात आणि रोजचीही. काही कंपन्या ती कामं ५०० च्या रकान्यात पुन्हा छापतात, काही छापत नाहीत, म्हणून रकाना रिकामा दिसतो.

'पहिले ५० तास' ही मात्र वेगळी गोष्ट आहे. नव्या इंजिनचे भाग एकमेकांवर बसताना लोखंडाचा बारीक कीस सुटतो, म्हणून पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर काढतात. ते एकदाच. त्याच्या शेजारी 'दर ५० तासांनी' असा दुसरा रकाना असू शकतो, त्यात ग्रीस, बेल्टचा ताण, टायरची हवा अशी कामं असतात. दोन्ही रकान्यांवर ५० च लिहिलेलं असल्याने फोटोत ते एकच वाटतात.

५. तळाशी तारा काढून 'धुळीच्या कामात अंतर निम्मे करावे' असं आहे. आमचं काम धुळीचं धरायचं का?

थ्रेशरचं काम असेल तर नक्की धरायचं. सोयाबीन किंवा तूर काढताना ट्रॅक्टर तासन्‌तास एका जागी, कुटाराच्या ढगात आणि पूर्ण लोडवर उभा असतो. वाऱ्याने धूळ मागे जाणं नाही की थंड हवा मिळणं नाही. मे महिन्यात सुकलेल्या काळ्या वावरात रोटावेटर मारणंही त्यातच येतं. पावसाळ्यातली डवरणी किंवा डांबरी रस्त्याने बाजारात ट्रॉली नेणं हे साधं काम.

लहान शेतकऱ्याचं वर्ष दोन्ही कामांनी भरलेलं असतं, मग निम्मं अंतर कशाचं करायचं? आम्ही गॅरेजमध्ये सोपा हिशेब ठेवतो. धुळीतला एक तास दोन धरायचा आणि साधा तास एकच. यावरचं उदाहरण पुढच्या प्रश्नात आहे. हा हिशेब इंजिन ऑइल आणि त्याच्या फिल्टरसाठी वापरा. एअर क्लिनरला तो पुरत नाही, त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

६. मीटर ११८६ आहे. चार्टमध्ये १००० नंतर १२५० चा रकाना आहे. म्हणजे अजून ६४ तास निघतील ना?

हा प्रश्न दारव्ह्याकडच्या एका सात एकरवाल्या भावाचा आहे. तो पूर्ण सोडवून दाखवतो, कारण चूक अगदी नेहमीची आहे. चार्टचे रकाने गोल आकड्यांचे असतात, पण आपली सर्व्हिस त्या आकड्यावर झालेली नसते. मोजायला सुरुवात शेवटच्या बिलावरून करायची.

त्यांच्या शेवटच्या बिलावर मीटर ९१२ होतं आणि त्या वेळी इंजिन ऑइल व फिल्टर बदललेले होते. चार्टप्रमाणे पुढचं ऑइल २५० तासांनी, म्हणजे ११६२ ला. मीटर ११८६, म्हणजे २४ तास आधीच उलटले. आता धूळ. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत त्यांनी भाड्याने थ्रेशर चालवला होता, त्याचे ७० तास वहीत लिहिलेले होते. ९१२ पासून एकूण २७४ तास झाले. त्यातले २०४ साधे, आणि ७० चे दुप्पट १४०. बेरीज ३४४. ऑइल २५० चं आणि त्यातून काम घेतलं ३४४ तासांचं.

मग मागची बिलं काढली. डिझेल फिल्टर ५२० ला बदललेला होता. चार्टमध्ये त्याला ५०० तास, म्हणजे १०२० ला तो बदलायचा होता. गिअरबॉक्स-हायड्रोलिकचं ऑइल १००० ला बदलायचं होतं, पण त्या आकड्याच्या आसपासचं बिलच नव्हतं. ९१२ च्या बिलावर 'टॉप-अप ३ लिटर' एवढंच होतं. मी विचारलं, लिफ्ट कशी आहे? ते म्हणाले, "सकाळी बरी असते, दुपारी रोटावेटर हळूहळू उचलते आन् पंप करकरते." हायड्रोलिकची जाळी चोंदली की पंपाला ऑइल पुरेसं ओढता येत नाही, मग लिफ्ट हळू उचलते आणि पंप आवाज करतो. जाळी बाहेर काढली तर तिच्यावर काळा चिकट गाळ आणि कापडाचे धागे होते. ऑइल ओतताना कुणीतरी चिंधीने नरसाळं पुसलं असावं.

त्या दिवशी इंजिन ऑइल व फिल्टर, डिझेल फिल्टर, हायड्रोलिकचं ऑइल आणि जाळीची सफाई अशी चारही कामं झाली आणि दुपारची लिफ्ट सुधारली. पुढचा हिशेब आता ११८६ पासून सुरू. इंजिन ऑइल १४३६ ला, धुळीचे तास निघाले तर त्याच्या आधी. १२५० चा रकाना त्यांनी विसरायचा. आम्ही मडगार्डच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने '१४३६' लिहून दिलं. पुस्तिका घरी असते, मडगार्ड वावरात असतं.

७. इंजिन ऑइलपुढे '१५ डब्ल्यू ४०' आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात ४५-४६ अंश असतं, मग जाड ऑइल नको का?

नको. दोन आकड्यांपैकी दुसरा, म्हणजे ४०, इंजिन गरम झाल्यावर ऑइल किती जाड राहील ते सांगतो, आणि तो १०० अंशांवर मोजलेला असतो. बाहेर ३० असो की ४६, चालत्या इंजिनचं ऑइल त्याच्या बरंच वर गरम असतं. पहिला आकडा थंडीत सुरू करण्याचा. म्हणून १५ डब्ल्यू ४० आणि २० डब्ल्यू ४० ही गरम इंजिनमध्ये जवळपास सारखीच जाड. फरक पडतो तो कडाक्याच्या थंडीत स्टार्ट करताना, आणि आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही. चार्टने दोन्ही दिली असतील तर कोणतंही घ्या.

त्यापेक्षा डब्यावरच्या दर्जाकडे लक्ष द्या. डिझेल इंजिनच्या ऑइलचा दर्जा इंग्रजी 'सी' ने सुरू होतो, जसं सीएफ-४, सीएच-४, सीआय-४. पुढचं अक्षर वरचं. चार्टपेक्षा वरचा दर्जा चालतो, खालचा चालत नाही. नुसतं 'एस' ने सुरू होणारं ऑइल पेट्रोल गाड्यांचं असतं.

ऑइल बदलल्यावर दोन-तीन दिवसांतच काळं पडलं तर घाबरू नका. डिझेलची काजळी ऑइलने धरून ठेवायची असते, ते त्याचं कामच आहे. घाबरायचं ते चहासारखं दुधाळ दिसलं तर, कारण त्यात पाणी उतरलेलं असतं. कांडीवरची पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास येत असेल तरीही इंजिन बंद करून मिस्त्रीला बोलवा.

८. ट्रान्समिशनच्या ओळीत वेगळंच ऑइल लिहिलंय. दुकानदार म्हणतो ९० नंबरचं गिअर ऑइल टाका, स्वस्त पडते. टाकू का?

तुमच्या ट्रॅक्टरचे ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले असतील तर टाकू नका. या एका चुकीने होणारं नुकसान आम्ही सगळ्यात जास्त पाहतो.

पूर्वीच्या ट्रॅक्टरांचे ब्रेक कोरडे असत आणि गिअरबॉक्सशी त्यांचा संबंध नसे. त्यांना चार्ट स्वतःच ९० नंबरचं ऑइल सांगत असेल तर प्रश्न नाही. ऑइल ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरांत मात्र ब्रेकच्या चकत्या मागच्या अॅक्सलच्या घरात ऑइलमध्येच फिरतात. तेच ऑइल गिअरला वंगण देतं, तेच लिफ्ट उचलतं आणि तेच ब्रेक थंड ठेवतं. म्हणून त्यासाठी तिन्ही कामांचं खास ट्रॅक्टर ऑइल असतं. ते हायड्रोलिक पंपाला ओढता येईल इतकं पातळ असतं आणि चकत्यांची पकड नीट राहावी म्हणून त्यात वेगळं रसायन असतं. ९० नंबरच्या साध्या गिअर ऑइलमध्ये ते रसायन नसतं, आणि ते जाडही असतं.

चुकीचं ऑइल पडलंय हे ब्रेक दाबताच कळतं. मागून करकर किंवा घुरघुर आवाज येतो, ब्रेक झटक्याने धरतो किंवा एका बाजूला ओढतो, आणि थंड सकाळी लिफ्ट जड चालते. थोडंच पडलं असेल तरी 'वरून चांगलं भरलं की मिसळून जाईल' असं करू नका. सगळं ऑइल काढायचं, जाळी धुवायची आणि नवीन भरायचं. मॉडेलप्रमाणे तीस-चाळीस लिटर किंवा त्याहून जास्त ऑइल लागतं, म्हणून लोक टाळतात. पण चकत्या बदलायच्या म्हणजे मागचा अॅक्सल उघडायचा, आणि त्यात ऑइलचाही खर्च पुन्हा आलाच.

चार्टमध्ये मॉडेलच्या नावाशेजारी 'ऑइल ब्रेक' किंवा 'ऑइल इमर्स्ड' असं शोधा. फोटोत दिसत नसेल तर पुस्तिकेतल्या ब्रेकच्या पानाचाही फोटो काढा.

९. एअर क्लिनर 'दर १० तासांनी' लिहिलंय. रोज हवा मारायची का?

आधी तुमचा प्रकार बघा. खाली ऑइलची वाटी असेल तर तो ऑइल-बाथ. त्याच्या वाटीत तळाला गाळ बसला किंवा ऑइल घट्ट झालं की वाटी धुवून, चार्टमधलंच ऑइल खुणेपर्यंत भरायचं. थ्रेशरच्या दिवसांत हे रोजचं काम समजा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं.

कागदी फिल्टर असेल तर रोज हवा मारू नका. प्रत्येक वेळी उघडताना थोडी धूळ आत जातेच. डॅशवरचा दिवा किंवा लाल पट्टी चोंदल्याचं सांगत असेल, किंवा काळा धूर आणि कमी ताकद जाणवत असेल, तेव्हा काढा. हवा आतून बाहेर मारा आणि दाब कमी ठेवा, साधारण ३० पौंडांच्या आत. पंक्चरच्या दुकानातली हवा यापेक्षा कितीतरी जास्त दाबाची असते, तिने कागद फाटतो आणि बाहेरून दिसतही नाही. साफ केल्यावर फिल्टरच्या आत बल्ब किंवा मोबाइलची टॉर्च धरा. कुठे टाचणीएवढा उजेड बाहेर आला तरी तो फिल्टर बाद. टायरवर आपटून झटकायचा नाही. आतला छोटा फिल्टर कधीच साफ करायचा नाही, चार्टप्रमाणे बदलायचाच.

फिल्टरच्या पुढच्या, इंजिनकडच्या पाइपमध्ये बोट फिरवून बघा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर किंवा क्लिप कुठेतरी गळतेय, आणि ती धूळ रिंगा-लायनर घासत असते.

१०. कूलंट २ वर्षं किंवा १००० तास लिहिलंय. बोअरचं पाणी टाकलं तर चालत नाही का?

अडल्यावेळी घरी पोचण्यापुरतं टाका, पण मग काढून टाका. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड असतं. चहाच्या पातेल्यात बसतो तोच पांढरा थर इंजिनच्या आतल्या वाटांत बसतो आणि ऐन उन्हाळ्यात काटा लालकडे जातो. कूलंट तयार मिश्रणाचा असेल तर तसाच भरतात. घट्ट अर्क असेल तर डब्यावर दिलेल्या प्रमाणात, डिस्टिल्ड पाण्यात मिसळून. रंगावरून ओळखू नका, हिरव्या-लाल रंगाचा कुठलाही सर्वांना सारखा नियम नाही. थ्रेशरनंतर रेडिएटरच्या जाळीतलं कुटार पंख्याच्या बाजूने बाहेर उडवायला विसरू नका, कूलंट चांगलं असूनही ट्रॅक्टर तापण्याचं हे पहिलं कारण.

११. माझा ट्रॅक्टर वर्षाला १०० तासही चालत नाही. मग २५० तासांसाठी अडीच वर्षं थांबू?

नाही. चार्टमध्ये तासांशेजारी महिनेही असतात आणि 'जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. ऑइल उभं राहूनही खराब होतं, त्यात ओल आणि जळक्या डिझेलचं आम्ल साचत राहतं. महिने दिले नसतील तर आम्ही वर्षातून एकदा, पेरणीच्या आधी, इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायला सांगतो.

१२. मीटर बंद पडलंय. तास कसे मोजू?

डिझेलवरून. टाकी काठोकाठ भरा, नेहमीचं काम घड्याळ लावून चार तास करा, पुन्हा काठोकाठ भरा. समजा १६ लिटर बसलं, तर तासाला ४ लिटर. २५० तास म्हणजे १००० लिटर डिझेल. पंपाच्या पावत्या एका पिशवीत ठेवा आणि बेरीज हजाराला आली की ऑइल. यात अंदाज आहे, म्हणून थोडं आधीच केलेलं बरं.

१३. आम्ही भंडाऱ्याकडचे. धानाच्या चिखलणीसाठी चार्टमध्ये काही वेगळं असते का?

असतं, 'पाण्यातले काम' अशी टीप बघा. चिखलणी चालू असताना पुढच्या चाकांच्या हबला आणि इतर निप्पलांना रोज ग्रीस द्यायचं, कडेने जुनं चिखलाळ ग्रीस निघून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. काही मॉडेलांत क्लचच्या घराच्या तळाला भोक असतं. चिखलणीआधी त्यात बूच लावायचं आणि काम संपल्यावर काढायचं, नाहीतर आत झिरपलेलं ऑइल-पाणी क्लच प्लेटपर्यंत पोचतं. हंगाम संपला की गिअरबॉक्सची कांडी काढून बघा. ऑइल दुधाळ असेल तर १००० तासांची वाट न पाहता लगेच बदला.

१४. चार्टवर पिवळ्या त्रिकोणात सूचना आहेत. त्यातल्या कुठल्या खरंच पाळायच्या?

सगळ्या. दोन सूचनांविषयी मात्र मला जास्त बोलायचं आहे, कारण गावोगाव त्या मोडल्या जातात.

पहिली, स्टार्टरला पान्याने शॉर्ट करून इंजिन सुरू करू नका. चावीने सुरू करताना ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर सेफ्टी स्विच त्याला अडवतो. खाली उभं राहून शॉर्ट केलं की तो स्विच वगळला जातो. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर त्याच क्षणी पुढे येतो, आणि माणूस मागच्या चाकासमोरच उभा असतो. सेल्फ लागत नसेल तर बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि तो स्विच दुरुस्त करून घ्या. मुलाला किंवा सालदाराला ही शॉर्टची युक्ती शिकवू नका.

दुसरी, हायड्रोलिक किंवा डिझेलच्या नळीची गळती हाताने शोधू नका. दाबाखालची बारीक धार कातडीत सुईसारखी घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही कमी, पण आत गेलेलं ऑइल मांस सडवतं. पुठ्ठा धरून गळती शोधा. धार घुसलीच तर 'उद्या बघू' म्हणू नका, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि 'दाबाने ऑइल आत गेलं' असं स्पष्ट सांगा.

१५. सेकंडहँड ट्रॅक्टर घेतला. सोबतची पुस्तिका याच मॉडेलची आहे का, कसं ओळखू?

पुस्तिकेवरचं मॉडेल आणि इंजिनवरच्या पाटीवरचं मॉडेल जुळवा, बॉनेटवरच्या स्टिकरवर विसंबू नका. बॉनेट बदललेले ट्रॅक्टर बाजारात बरेच फिरतात. मग चार्टमधल्या तीन गोष्टी ट्रॅक्टरवर पडताळा: एअर क्लिनर ऑइलचा की कागदी, ब्रेक कोरडे की ऑइलचे, आणि डिझेल फिल्टर किती. यातली एक जरी जुळली नाही तरी तो चार्ट बाजूला ठेवा आणि इंजिनच्या पाटीचा फोटो घेऊन त्या कंपनीच्या डीलरकडे योग्य पुस्तिका मागा. आधीच्या मालकाची बिलं नसतील तर सगळी ऑइलं, कूलंट आणि फिल्टर एकदाच बदला आणि त्या दिवसाचा मीटरचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढचा हिशेब प्रश्न ६ प्रमाणे तिथूनच धरायचा.